खुलाशाची मुदत

इंग्रजी कागद घेऊन येणारी माणसं मला दारातूनच ओळखू यायची. मराठी कागद माणूस हातात धरून येतो. इंग्रजी कागद पिशवीत असतो, पिशवी पदराखाली असते, आणि माणूस आधी इकडचं तिकडचं बोलतो. हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास होता. पत्र्याची खोली, सहा मशिनी, त्यातल्या दोन कायम दुरुस्तीला. पोरं इंग्रजी तीस आणि चाळीसच्या परीक्षेसाठी दणादण बडवत असायची आणि त्या खडखडाटात मी लोकांचे कागद वाचून दाखवायची. हे मी वडिलांकडून उचललं होतं. आमच्या वस्तीत चार बुकं शिकलेला पहिला माणूस तेच, त्यामुळं आख्ख्या वस्तीची पत्रं आमच्या ओट्यावर फुटायची. फरक इतकाच की वडिलांकडं येणारी पत्रं बहुतेक माणसांनी माणसांना लिहिलेली असायची.

जिल्हा नवा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कलेक्टर ऑफिस आलं, एसपी ऑफिस आलं, गावाबाहेर सोयाबीनचं तेल काढायचा एक कारखाना आला. मालक परराज्यातले, हेड ऑफिस मुंबईला. कामगार मात्र आसपासच्या खेड्यांतले आणि तांड्यांवरचे, आणि त्यांना येणारं प्रत्येक पत्र इंग्रजीत. कारखान्याच्या गेटवर 'सुरक्षा प्रथम' असं मराठीत लिहिलं होतं. मराठीत तेवढंच.

आक्का तिथूनच आली. आक्का हे तिचं नाव नाही, मी तिला तसं म्हणायची. ती साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन कारखान्याजवळ पत्र्याच्या खोलीत राहायला आली आणि माल उतरवायच्या खात्यात झाडलोटीला लागली. चार वर्षांत पर्मनंट झाली होती. पर्मनंट हा एकच इंग्रजी शब्द तिला येत होता आणि तो ती फार जपून उच्चारायची.

त्या दिवशी तिनं आधी मला माझ्या पोरीची खुशाली विचारली, पाण्याची तकलीफ विचारली. मग पिशवीतून लिफाफा काढला.

"बाई, मला काढलं का एवढंच सांगा. बाकी वाचू नका."

मी कागद वाचला. काढलेलं नव्हतं. कारणे दाखवा नोटीस होती. म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, त्याचं कारण लेखी द्या. आरोप असा होता की अमुक दिवशी तिनं वरिष्ठाचा 'कायदेशीर व वाजवी' हुकूम जाणूनबुजून पाळला नाही आणि सुपरवायझरला उद्धट बोलली. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत खुलासा आला नाही, तर काही म्हणायचं नाही असं समजून पुढची कारवाई होईल. त्यातला दीड दिवस संपला होता.

"झालं काय होतं?"

झालं होतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. सोयाबीनचे ट्रक रिकामे होतात तिथं जमिनीत एक खड्डा असतो. त्याच्या तळाशी लोखंडी स्क्रू फिरत माल पुढं ढकलतो. सांडलेला माल काढायला सुपरवायझरनं चार बायांना खाली उतरायला सांगितलं, मशीन चालू ठेवून, कारण बाहेर ट्रकांची रांग लागली होती. बाकीच्या तिघी पायरीवर थांबल्या. आक्का म्हणाली, मशीन बंद करा, मग उतरते. तो ओरडला. ती म्हणाली, "तर मंग तुमी उतरा आधी."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

इथं मला थोडं माझ्या कामाबद्दल सांगितलं पाहिजे. लग्नाआधी मी परभणीला एका कामगार वकिलांकडे टायपिस्ट होते. चौकशीचे कागद टाइप करून करून त्यांची चाल मला पाठ झाली होती. अशा कागदाचं शब्दाला शब्द मराठी करून काही उपयोग नसतो, हे मी तिथंच शिकले. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' असं मराठी ऐकून माणूस आणखी घाबरतो. म्हणून मी चार गोष्टी सांगायची: ते काय म्हणतात, तुम्हाला काय करता येतं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय होतं. आणि मग म्हणायची, आता मला परत सांगा, तुमच्या शब्दांत. ऐकणाऱ्यानं मान हलवली म्हणजे समजलं असं मी धरत नव्हते. साहेबापुढं आपली माणसं मान हलवायला जन्मापासून शिकलेली असतात.

आक्कानं परत सांगितलं. "आमी गप बसलो तर त्यायचं खरं धरतेत. म्हून बोलायचं. लिहून बोलायचं. बाजाराच्या दिवशीपस्तोर."

"बराबर," मी म्हणाले. आणि खरंच बरोबर होतं. त्या 'बोलायचं'चं पुढं काय झालं ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात जाळ होतो.

खुलासा आम्ही मराठीत लिहिला. मी एसटीडीवरून परभणीला वकीलसाहेबांना फोन लावला, तर ते एका दमात म्हणाले, अहो, चालू मशीनच्या फिरत्या भागाजवळ बाईला सफाईला लावायलाच कारखाने कायद्यात बंदी आहे. हुकूमच बेकायदा, मग तो न पाळणं हा गुन्हा कसा? हे एक वाक्य खुलाशात ठळक घाला. मी घातलं. खाली आणखी लिहिलं की मला इंग्रजी येत नाही, पुढची पत्रं मराठीत द्या. आक्कानं सही केली. ती सही करायला पर्मनंट झाल्यावर शिकली होती, आणि प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलायची.

गेटवरच्या कारकुनानं कागद घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. वरून सांगितलंय म्हणाला. मला ही चाल माहीत होती. आम्ही तिथूनच पोस्टात गेलो आणि दुसरी प्रत रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवली. मुदतीच्या आत. आक्कानं ती पोस्टाची पावती पोलक्याच्या आत ठेवली.

उत्तर आलं ते पुन्हा इंग्रजीतच. खुलासा समाधानकारक नाही, हे आरोपपत्र, चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबन. निलंबनाच्या काळात अर्धा पगार, निर्वाह भत्ता म्हणून. चौकशी अधिकारी बाहेरचे एक वकील. तारीख, वेळ, जागा: कारखान्याचं ऑफिस.

मी चिडून स्वतःच कारखान्यात गेले. तिथल्या पर्सोनेल साहेबानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पन्नाशीचा, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवणारा.

"मॅडम, आप क्यूँ तकलीफ ले रहे हो? आपल्या घरातलीच बाई आहे ती."

"घरातल्या बाईला इंग्रजीत पत्र लिहिता?"

तो हसला. हेड ऑफिसचा फॉरमॅट आहे म्हणाला. चौकशी मराठीतच होईल, काळजी करू नका. मी म्हटलं, मग मला दुभाषी म्हणून बसू द्या. त्यावर त्यानं टेबलाच्या खणातून कामगारांच्या स्थायी आदेशांची, म्हणजे नोकरीच्या नियमांची, छापील पुस्तिका काढली आणि मला वाचून दाखवली: कामगाराच्या वतीनं त्याच्या खात्यातला सहकारी किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिचा पदाधिकारी. टायपिंगवाल्या बाईचा त्यात उल्लेख नव्हता. पुस्तिका मराठीत होती. चार वर्षांत ती एकाही कामगाराला दिसली नव्हती, भिंतीवर लावायचा नियम असून. मी तसं म्हणाले तेव्हा त्यानं ती परत खणात ठेवली.

कारखान्यात युनियन नव्हती. आक्काच्या खात्यातला एक फिटर तयार झाला. शिरड शहापूरकडचा तरुण माणूस, आमच्याच समाजाचा, आयटीआय केलेला, कमी बोलणारा. त्याची नोकरी अजून पर्मनंट नव्हती, तरी तो तयार झाला, हे मी लिहून ठेवते, कारण त्याचं कुणी काही लिहिलं नाही. तो आणि आक्का तीन दुपारी माझ्याकडे आले. पोरं टाइप करत होती आणि आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर चौकशीची तालीम करत होतो.

मी चौकशी अधिकारी व्हायची. "आरोप मान्य आहेत का?"

"न्हाई."

"कंपनीचा साक्षीदार खोटं बोलला तर?"

"मधी बोलायचं न्हाई. त्याचं झालं की ह्यो भाऊ त्याला उलटं इचारणार. मशीन चालू होती का बंद, ते."

"तुमच्या साक्षीदार कोण?"

"त्या तिघी. पायरीवरच्या."

"कागदावर सही कधी?"

"वाचून दावल्यावर. समजलं न्हाई तर न्हाई. आन् नक्कल मागायची."

"तब्येत बिघडली, फिटर आला नाही, तर?"

"गैरहजर ऱ्हायचं न्हाई. जायचं आन् तारीख मागायची. न्हाई गेलं तर आमच्या पाठीमागं उरकतेत."

तिनं सगळं बरोबर सांगितलं, तिन्ही दुपारी. वकीलसाहेबांच्या ऑफिसात बँकेतले बाबू यायचे, त्यांना माझ्याकडून चार-चारदा समजून घ्यावं लागायचं. जाताना फिटर मला म्हणाला, "ताई, हातची केस हाय." मलाही तसंच वाटत होतं. हुकूम बेकायदा होता, साक्षीदार तीन होते, आणि बाईला आपले हक्क मुदतीसकट तोंडपाठ होते. मला दोन दिवस झोप चांगली लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी क्लासच्या दारात तीनचार माणसं उभी राहिली. मध्ये आक्का, नवं लुगडं नेसलेली. बाजूला पांढऱ्या फेट्यातला एक म्हातारा, तांड्याचा नाईक, नात्यानं तिचा चुलत सासरा. आक्काच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"मिटलं बाई," ती म्हणाली. चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता.

"काय मिटलं?"

नाईकानं सांगितलं. ते सकाळी कारखान्यात जाऊन आले होते. पर्सोनेल साहेबाला भेटले. नारळ दिला. आक्कानं साहेबाच्या पायाला हात लावला, आणि म्हणाली, चुकलं असल तर माफी करा. साहेब म्हणाला, माफी काय तोंडी असते का, हेड ऑफिसला दाखवायला दोन ओळी लागतील. त्यानं कागद काढला. मराठीत होता. वाचून दाखवला. आक्कानं सही केली. मग सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि चहा पाजला.

"काय होतं त्या कागदात?"

"चूक झाली, माफ करा, पुन्हा व्हणार न्हाई. येवढंच," आक्का म्हणाली. "वाचून दावला बाई. मराठीत व्हता. तुमी म्हणलं तसं समजून सही केली."

माझ्या हातातून पेढा खाली पडला असं काही झालं नाही. मी पेढा टेबलावर ठेवला आणि पोरांना म्हटलं, बास, आज सुट्टी. खोली रिकामी झाल्यावर मी ओरडले. म्हाताऱ्या माणसावर ओरडले. कशाची माफी? कुणी सांगितलं तुम्हाला जायला? ज्याची चूक होती तो खुर्चीत बसला आणि तुम्ही पाया पडून आलात!

नाईक रागावला नाही. तो मला समजावून सांगायला लागला, जसं मी लोकांना सांगते तसं, शांत, टप्प्याटप्प्यानं. त्यांच्या तांड्यात भांडण पंचांपुढं आलं की बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजू उठतात, पंचांना आणि एकमेकांना हात जोडून म्हणतात, चुकलं असल तर माफी. ज्यानं मारलं तोही म्हणतो, ज्यानं मार खाल्ला तोही म्हणतो. त्याशिवाय पंच बसतच नाहीत. तो कबुलीजबाब नसतो. ती बैठकीची सुरुवात असते. खरं-खोटं त्याच्यानंतर. उद्या बैठक म्हणून ते आज सुरुवात करून आले होते.

"आमी म्हणलो," नाईक म्हणाला, "आता सायेब म्हणल."

"मग साहेब म्हणाला का?"

त्यानं आक्काकडं बघितलं. मग म्हणाला, "च्या पाजला की."

चहा म्हणजे साहेबानं आपल्या बाजूची माफी मागितली असं त्यांनी धरलं होतं.

आक्का आता माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कळायला लागलं होतं की काहीतरी वाईट झालंय, पण काय ते कळत नव्हतं. "तुमीच म्हणल्या न बाई," ती म्हणाली, "गप बसलं तर त्यायचं खरं धरतेत. म्हून बोललो आमी."

पर्सोनेल साहेबाला तांड्याची ही रीत माहीत नव्हती असं मला कुणी सांगू नये. त्याच्या हाताखाली अर्धे कामगार तांड्यावरचे होते आणि नाईकाला खुर्ची द्यायची एवढं त्याला बरोबर कळत होतं. चार वर्षं त्याला मराठी कागद जमला नव्हता. त्या सकाळी मात्र मराठी कागद खणात तयार होता.

मी त्याच दुपारी एक अर्ज टाइप केला: दिलेली माफी ही समाजाच्या रीतीप्रमाणे आदर म्हणून दिली आहे, आरोप मान्य नाहीत, माफीचा कागद कबुली म्हणून धरू नये. आक्काची सही घेतली. फिटरला निरोप पाठवून बोलावलं आणि सांगितलं, काही झालं तरी हा अर्ज आधी द्यायचा.

चौकशीला मी गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. त्या तिघी बायाही तिथंच होत्या, साक्षीला बोलावतील म्हणून पदर सावरून बसलेल्या. आत काय झालं ते फिटरनं बाहेर येऊन सांगितलं, आणि नंतर कामकाजाची नक्कल मिळाली तीही मी वाचली. दोन्हीत तफावत नव्हती, हे विशेष.

चौकशी अधिकाऱ्यानं आरोप मराठीत वाचून दाखवले. मान्य का अमान्य? आक्का म्हणाली, अमान्य. फिटरनं अर्ज दिला. अधिकाऱ्यानं तो वाचला आणि फायलीत लावला. मग कंपनीच्या बाजूनं पर्सोनेल साहेब उठला आणि माफीनामा पुढं ठेवला.

ही सही तुमची आहे का? व्हय.

वाचून दाखवला होता का? व्हय.

समजला होता का? व्हय.

कुणी जबरदस्ती केली, धमकी दिली? न्हाई.

मग मनापासून माफी मागितली का?

फिटर म्हणाला की इथं ती त्याच्याकडं वळली. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, नाही म्हण म्हणून. पण तिला खोटं बोलायचं नव्हतं. तांड्यातल्या पंचांपुढं माफी खोटी मागत नाहीत. ती म्हणाली, "व्हय, मनापासून."

कामकाजात नोंद झाली: कर्मचाऱ्याने माफीनामा स्वेच्छेने दिल्याचे व मजकूर समजल्याचे कबूल केले. सबब आरोप सिद्ध होण्यास अन्य पुराव्याची आवश्यकता नाही. फिटर म्हणाला, आमच्या साक्षीदार बाहेर बसल्यात. अधिकारी म्हणाले, गरज नाही. मशीन चालू होती की बंद, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारलाच नाही. खाली आक्काच्या सह्या आहेत, प्रत्येक पानावर, वाचून दाखवल्यावर केलेल्या. अगदी मी शिकवलं तशा.

बाहेर आल्यावर त्या तिघी उठून उभ्या राहिल्या. फिटरनं त्यांना हातानंच जा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून त्या खड्ड्यात उतरायला लागल्या. मशीन चालू असताना. त्यांना मी काय बोलणार? त्यांची चूल काही माझ्यामुळं पेटत नव्हती.

त्यानंतर कागद क्रमानं येत गेले आणि मी क्रमानं वाचत गेले. चौकशीचा अहवाल आणि त्याबरोबर दुसरी नोटीस: बडतर्फ का करू नये, त्याचं कारण सात दिवसांत द्या. दिलं, सहाव्या दिवशी. मग बडतर्फीचा हुकूम. मी आक्काला सांगितलं, हा शेवट नाही, नव्वद दिवसांच्या आत लेबर कोर्टात तक्रार करता येते. तिनं परत सांगितलं, "नव्वद दिस. तीन म्हयने धरायचे न्हाईत, दिस मोजायचे." इतकी नीट शिकलेली बाई, आणि तिचं सगळं शिकणं एका नारळापाशी संपलं होतं.

परभणीच्या वकीलसाहेबांनी नांदेडच्या लेबर कोर्टात तक्रार दाखल केली. आक्का खोली सोडून साखऱ्याकडं तांड्यावर परत गेली, दुसऱ्यांच्या रानात सोयाबीन काढायला. तारखेच्या आदल्या दिवशी ती हिंगोलीला माझ्याकडं यायची आणि पहाटेच्या गाडीनं नांदेडला जायची. किती वर्षं गेली ते मी मोजत नाही. माझ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हाही तिची केस चालू होती. फिटरला कारखान्यानं पर्मनंट केलंच नाही. तो पुण्याला निघून गेला.

मग एक दिवस कोर्टाचा निर्णय आला. तोही इंग्रजीत, पण तो वाचताना मला प्रथमच इंग्रजीचा राग आला नाही. कोर्टानं म्हटलं होतं की चौकशी न्याय्य झालेली नाही. माफीचा उपयोग कबुली म्हणून होईल हे तिला सांगितलं नव्हतं, तिनं आरोप अमान्य केलेले असताना साक्षीदार ऐकले नाहीत, मशीनचा मुद्दा तपासला नाही. मात्र कंपनीला आरोप नव्यानं, कोर्टापुढं सिद्ध करायची संधी मिळेल.

"म्हंजी जिकलो?"

"त्यांची चौकशी गेली. केस राहिली."

"आता मशीनचं इचारतेन?"

"आता विचारावंच लागेल."

ती पहिल्यांदा हसली. पण ते विचारायची वेळ कंपनीनं येऊ दिली नाही. महिन्याभरात तडजोडीचं पत्र आलं. नोकरी परत, सेवा अखंड, पर्मनंट कायम. मागचा पगार नाही. आणि एक अट: तिनं बिनशर्त माफीचं पत्र द्यायचं. सोमवारी संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत पत्र आलं नाही, तर प्रस्ताव रद्द.

वकीलसाहेब फोनवर म्हणाले, घ्या. पुढं किती वर्षं लागतील, कारखाना तोपर्यंत राहील की नाही, कुणी सांगावं. मलाही तेच वाटत होतं. खरं सांगते, मला ती सही हवी होती. दोन्ही लेकरं मोठी झाली होती, तिचे गुडघे गेले होते, आणि तिच्या वकिलापेक्षा मी जास्त दमले होते. मी तिला पत्र नेहमीसारखं समजावून सांगितलं: ते काय म्हणतात, तुम्हाला काय करता येतं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय. मग म्हटलं, परत सांगा.

तिनं परत सांगितलं, एकही गोष्ट न चुकता. मग म्हणाली, "आमी एक डाव म्हणलोय बाई. आता त्यायची पाळी. आधी त्यायनं म्हणावं."

"आक्का, ते म्हणणार नाहीत."

"ते मला कळतं."

"मग काहून हट्ट करता? दोन ओळी आहेत."

"तवाबी दोनच ओळी व्हत्या."

मी वकीलसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, असं उत्तर कोर्टात देता येत नाही, काहीच देऊ नका.

सोमवारी दुपारी ती क्लासमध्ये आली. मला वाटलं, मन बदललं. मी माफीचं पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं, ते टेबलावर तिच्याकडं सरकवलं आणि पेन ठेवलं. तिनं दोन्हीकडं बघितलं नाही. कोपऱ्यातल्या त्याच बाकावर जाऊन बसली. पोरं येत राहिली, जात राहिली. मध्ये मी चहा मागवला, तर म्हणाली, चहा नको. शेवटची बॅच सुटली आणि मी मशिनींवर कापडं घालायला लागले, तेव्हा ती उठली.

"हापिस बंद झालं असल न?"

"झालं."

"मंग मुदत संपली."

"संपली."

"बराबर," ती म्हणाली, आणि तांड्याकडं जाणारी सेनगावची गाडी गाठायला निघून गेली.